सेन्सर नोड टीसीपी का टाळतात?

छोट्या सेन्सर नोडवर टीसीपी का चालवत नाहीत, असं या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा, उत्तर बहुधा एकच येतं: मेमरी पुरत नाही. हे उत्तर अर्धंच खरं आहे. ॲडम डंकेल्स या स्वीडिश संशोधकाने २००३ मध्ये यूआयपी नावाचा टीसीपी/आयपीचा छोटा संच आठ बिटी मायक्रोकंट्रोलरवर चालवून दाखवला होता. त्याला लागणारी रॅम काही शे बाइटांच्या घरात होती. जागेची अडचण तेव्हाच बरीचशी सुटली होती, तरीही पुढची दहा-पंधरा वर्षं या क्षेत्राने यूडीपीवर चालणारे हलके प्रोटोकॉल घडवण्यात घालवली. त्यातला सगळ्यात नीट विचार करून बांधलेला प्रोटोकॉल म्हणजे कोॲप. २०१४ च्या जूनमध्ये तो आरएफसी ७२५२ म्हणून प्रसिद्ध झाला. लेखक झॅक शेल्बी, क्लाउस हार्टके आणि कार्स्टेन बोरमान.

जागा पुरत असूनही टीसीपी का टाळला, हे समजून घ्यायचं तर नोडची वीज कुठे जाते इथून सुरुवात करावी लागते.

रेडिओचा हिशेब

टेलॉसबी हा संशोधनात वर्षानुवर्षं वापरला गेलेला नोड घेऊ. त्यात १० केबी रॅम आणि ४८ केबी फ्लॅश आहे, सीसी२४२० नावाचा रेडिओ आहे, आणि तो दोन एए सेलवर चालतो. हा रेडिओ ऐकताना सुमारे १८.८ मिलिअँपिअर घेतो आणि पूर्ण ताकदीने बोलताना १७.४. नुसतं ऐकणं बोलण्यापेक्षा महाग आहे, ही गोष्ट नवख्या माणसाला पटकन पटत नाही. सेलची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास धरली आणि रेडिओ सतत चालू ठेवला, तर १३३ तासांत, म्हणजे साडेपाच दिवसांत सेल संपतात. तोच रेडिओ शंभरातला एक भाग वेळ चालू ठेवला तर रेडिओपुरता हिशेब दीड वर्षावर जातो. नोडचं आयुष्य जवळजवळ सगळं या एका आकड्यावर ठरतं. प्रोसेसरने किती आकडेमोड केली, याला त्यापुढे फारसं महत्त्व उरत नाही.

आता रेडिओ बहुतेक वेळ बंद असेल, तर दुसऱ्याने पाठवलेलं त्याला ऐकू कसं येणार? काँटिकी या ऑपरेटिंग सिस्टिममधली पद्धत अशी की प्रत्येक नोड सेकंदातून आठ वेळा क्षणभर जागा होतो आणि हवेत काही चाललंय का ते पाहतो. ज्याला पाठवायचं आहे तो आपली फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, समोरचा जागा होऊन पोच देईपर्यंत. सेकंदाला आठ म्हणजे दर १२५ मिलिसेकंदांनी एकदा. सरासरीने पाठवणाऱ्याला साठेक मिलिसेकंद रेडिओ चालू ठेवावा लागतो. शेजाऱ्याची जागं होण्याची वेळ लक्षात ठेवून ही किंमत पुष्कळ कमी करता येते, पण शून्यावर येत नाही.

या साठ मिलिसेकंदांशेजारी प्रत्यक्ष फ्रेमचा वेळ ठेवून पाहा. २५० किलोबिट वेगाने १२७ बाइटांची भरगच्च फ्रेम हवेतून जायला चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त लागतात, आणि तीस बाइटांची असेल तर एकाच्या आसपास. म्हणजे पॅकेट छोटं केल्याने वाचतात तीन मिलिसेकंद, आणि एक पॅकेट पाठवणंच टाळलं तर साठ. बाइट वाचवण्यापेक्षा पॅकेटांची संख्या कमी करणं कितीतरी मोलाचं ठरतं. हलक्या प्रोटोकॉलांबद्दलच्या चर्चेत हेडर किती बाइटांचं यावर शाई खूप खर्च होते. माझ्या मते ती चर्चा दुय्यम आहे. आधी पॅकेटं मोजली पाहिजेत.

टीसीपीवर एक छोटं रीडिंग सर्व्हरकडे पाठवायचं झालं, तर आधी ओळखीची तीन पॅकेटं होतात, मग रीडिंग जातं, त्याला उत्तर येतं, उत्तराची पोच जाते, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी निरोप घेण्याची तीन-चार पॅकेटं. एकूण नऊ-दहा. त्यातली पाच-सहा नोडला स्वतः पाठवावी लागतात. तेच काम कोॲपमध्ये दोन पॅकेटांत होतं: नोडकडून एक जातं, सर्व्हरकडून एक येतं.

यावर कुणी म्हणेल की जोडणी दरवेळी उघडायची कशाला, एकदा उघडून तशीच ठेवावी. शांत असताना टीसीपी जोडणीला पॅकेटं लागत नाहीत, हेही खरं. पण उघडी जोडणी म्हणजे दोन्ही टोकांनी जपायची आठवण: क्रमांक कुठवर आले, पोच कुठवर मिळाली, काय अजून परत पाठवावं लागेल. नोड पंधरा मिनिटांनी एकदा बोलतो आणि मध्ये सेल हलला म्हणून रीबूट होतो, तेव्हा त्याची आठवण पुसली जाते, सर्व्हरची मात्र शाबूत राहते. मग आधी जुनी जोडणी मोडायची, नवी उघडायची, आणि तेवढ्यात रेडिओ चालूच. शिवाय पोच येईपर्यंत पाठवलेला मजकूर जपून ठेवणं टीसीपीला भाग असतं. यूआयपीने यावर काढलेला तोडगा धाडसी होता. पाठवलेलं तो साठवतच नसे. हरवलं तर ॲप्लिकेशनलाच सांगे की तेच पुन्हा तयार करून दे. रॅम वाचली, पण एका वेळी एकच तुकडा हवेत ठेवता येई. समोरचा संगणक पोच देण्याआधी टीसीपीच्या रिवाजाप्रमाणे थोडा थांबला की सगळं तिथेच अडकून पडे. मेमरीत बसवलं, पण वेग गेला.

१२७ बाइटांत काय मावतं

बाइटांचा प्रश्न दुय्यम म्हटला, तरी तो एका ठिकाणी थेट पॅकेटांच्या संख्येशी जाऊन भिडतो, आणि ते ठिकाण म्हणजे फ्रेमची मर्यादा. आयईईई ८०२.१५.४ या रेडिओ मानकात फ्रेम जास्तीत जास्त १२७ बाइटांची. त्यातले २५ पर्यंत पत्त्यांना जाऊ शकतात, लिंकवरच्या एन्क्रिप्शनला २१ पर्यंत. उरले ८१. आयपीव्ही६ चं हेडर ४० बाइटांचं, म्हणजे उरले ४१. यूडीपीचे ८ वजा केले तर मजकुराला ३३ बाइट राहतात. टीसीपीचे किमान २० वजा केले तर २१.

ही सगळ्यात वाईट परिस्थिती आहे. २००७ आणि २०११ च्या मानकांनी, म्हणजे सिक्सलोपॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामाने, आयपीव्ही६ चं हेडर दाबून अगदी दोन-तीन बाइटांपर्यंत आणण्याची सोय केली, आणि यूडीपीचे आठ बाइट चारांवर आणले. टीसीपीच्या हेडरसाठी मात्र त्यात अशी सोय नव्हती. त्याचे क्रमांक प्रत्येक पॅकेटला बदलतात, त्यामुळे ते सहजासहजी दाबताही येत नाहीत.

मजकूर एका फ्रेममध्ये मावला नाही की त्याचे तुकडे पडतात. तुकड्यांपैकी एक जरी हरवला तरी पूर्ण पॅकेट वाया जातं. दहातली नऊ फ्रेम पोचतात अशी बऱ्यापैकी लिंक धरली, तर पाच तुकड्यांचं पॅकेट अखंड पोचण्याची शक्यता ५९ टक्के उरते. (लिंक स्तरावर पुन्हा प्रयत्न होतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा बरा असतो, पण प्रत्येक पुन्हा प्रयत्न म्हणजे पुन्हा रेडिओ.) म्हणून हलक्या प्रोटोकॉलचं खरं उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येतं: प्रश्न एका फ्रेममध्ये बसला पाहिजे आणि उत्तरही.

एचटीटीपीवर तापमान विचारण्याची अगदी काटकसरीची विनंती ३६ बाइटांत लिहिता येते, आणि उत्तर ६८ मध्ये. तेच कोॲपमध्ये असं दिसतं:

```
विनंती: 41 01 3a 7c 5e b4 74 65 6d 70
उत्तर:  61 45 3a 7c 5e c0 ff 33 31 2e 34
```

विनंती दहा बाइटांची आहे. पहिल्या `41` मध्ये तीन गोष्टी भरलेल्या आहेत: आवृत्ती १, प्रकार 'पोच हवी', आणि पुढे एक बाइटाचा टोकन आहे ही सूचना. `01` म्हणजे GET. `3a 7c` हा मेसेज आयडी, `5e` हा टोकन. `b4` म्हणजे अकराव्या क्रमांकाचा पर्याय, लांबी चार. अकरा हा पत्त्यातल्या एका पायरीचा क्रमांक, आणि पुढचे चार बाइट म्हणजे temp ही अक्षरं. उत्तरात `61` म्हणजे 'ही पोच आहे', `45` म्हणजे २.०५, मजकूर सोबत आहे. मेसेज आयडी आणि टोकन तेच परत आले. `c0` सांगतो की मजकूर साधी अक्षरं आहेत, `ff` म्हणजे हेडर संपलं, आणि नंतर ३१.४ हे तापमान.

हे बारकाईने पाहण्याचं कारण असं की यात वेबची सगळी ओळखीची रचना शाबूत आहे. GET, PUT, पत्ते, ४.०४ सारखे उत्तर-क्रमांक सगळं तेच, फक्त अक्षरांऐवजी आकड्यांत. त्यामुळे कोॲप आणि एचटीटीपी यांच्यामध्ये उभा राहणारा प्रॉक्सी सहज लिहिता येतो. बांधणाऱ्यांनी फेकलं ते अक्षरांचं ओझं, विचारण्याची रीत ठेवली. मला या प्रोटोकॉलमधलं हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

टीसीपी गेला, त्याची कामं कुठे गेली?

यूडीपी पोचवण्याची हमी देत नाही, क्रम राखत नाही, दुहेरी आलेलं ओळखत नाही. ही कामं नाहीशी होत नाहीत. कोॲपने ती आपल्याकडे घेतली आणि प्रत्येक संदेशामागे निवड ठेवली: या संदेशाला पोच हवी की नको. दर मिनिटाला जाणाऱ्या तापमानापैकी एखादं हरवलं तर बिघडत नाही, ते पोचेशिवाय पाठवा. धोक्याची सूचना मात्र पोच मागून पाठवा. टीसीपीत ही निवड नाही. तिथे प्रत्येक बाइटाची हमी सक्तीची असते आणि तिची किंमतही सक्तीची.

पोच मागितलेला संदेश हरवला तर काय होतं, त्याचं वेळापत्रक मानकात बांधलेलं आहे. पहिली वाट दोन ते तीन सेकंद, यातली नेमकी वेळ फासे टाकल्यासारखी निवडायची, म्हणजे सगळे नोड एकदम ओरडत नाहीत. मग दरवेळी वाट दुप्पट, आणि जास्तीत जास्त चार वेळा पुन्हा पाठवायचं. पहिली वाट दोन सेकंदांची निघाली तर पुन्हा पाठवणं दुसऱ्या, सहाव्या, चौदाव्या आणि तिसाव्या सेकंदाला होतं, आणि बासष्टाव्या सेकंदाला नोड हार मानतो. तीनची निघाली तर हार मानायला ९३ सेकंद लागतात. एका वेळी एका सर्व्हरशी एकच विनंती अधांतरी ठेवायची, हा आणखी एक नियम. गर्दी आवरण्याची कोॲपची मूळ व्यवस्था एवढीच आहे, आणि थोड्या नोडांच्या जाळ्यात ती पुरते.

मेसेज आयडी आणि टोकन असे दोन वेगळे क्रमांक का, हा प्रश्न शिकणाऱ्याला हमखास पडतो. मातीचा ओलावा मोजणाऱ्या एखाद्या सेन्सरला गरम होऊन स्थिर व्हायला पाच सेकंद लागतात असं समजा. तोपर्यंत नोड गप्प राहिला तर विचारणारा दोन-तीन सेकंदांनी तोच प्रश्न पुन्हा पाठवेल. म्हणून नोड आधी रिकामी पोच देतो, 'प्रश्न मिळाला' एवढंच सांगणारी, आणि रीडिंग तयार झालं की नव्या मेसेज आयडीने उत्तर पाठवतो. पोच कुठल्या संदेशाची हे मेसेज आयडी सांगतो. उत्तर कुठल्या प्रश्नाचं हे टोकन सांगतो. कित्येक घरगुती अंमलबजावण्यांत हा फरक पाळलेला नसतो, आणि मग हळू सेन्सर जोडला की गोंधळ सुरू होतो.

सतत विचारत राहण्यापेक्षा 'बदललं की कळव' असं सांगून ठेवण्याची सोय २०१५ च्या आरएफसी ७६४१ ने दिली. नोड विचारणाऱ्याचं नाव एकदा नोंदवून घेतो आणि पुढे रीडिंग आपणहून पाठवतो. त्यातला एक नियम फार व्यवहारी आहे. रीडिंगं एरवी पोचेशिवाय जात असली, तरी निदान चोवीस तासांतून एकदा पोच मागायलाच हवी. नाहीतर केव्हाच बंद पडलेल्या सर्व्हरकडे नोड महिनोन् महिने बोलत राहील.

कुठे बिघडतं आणि ते कसं ओळखायचं

पहिला बिघाड दुहेरी संदेशांचा. द्राक्षबागेतल्या ठिबकच्या व्हाल्व्हला POST ने 'दहा मिनिटं उघड' अशी आज्ञा गेली. व्हाल्व्ह उघडला, पण पोच वाटेत हरवली. गेटवेने तीच आज्ञा पुन्हा पाठवली. व्हाल्व्हच्या नोडने मेसेज आयडी लक्षात ठेवला नसेल तर तो दहा मिनिटं पुन्हा मोजायला घेईल, किंवा पाणी वीस मिनिटं सोडेल. मानक सांगतं की आयडी २४७ सेकंद लक्षात ठेवा आणि तोच परत आला तर काम न करता जुनीच पोच पुन्हा द्या. पण दहा केबी रॅममध्ये ही यादी ठेवणं लोक टाळतात. त्याहून चांगला उपाय आज्ञेच्या शब्दांत आहे: 'दहा मिनिटं उघड' ऐवजी PUT ने 'सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत उघडा राहा' असं सांगा. ती आज्ञा तीनदा पोचली तरी परिणाम एकच. अशा आज्ञांसाठी यादी ठेवण्याची सक्ती मानकही सैल करतं.

याच्या उलटा बिघाड जास्त फसवा आहे. नोड रीबूट झाल्यावर मेसेज आयडी दरवेळी शून्यापासून सुरू करतो. सर्व्हरला चार मिनिटांत तोच आयडी पुन्हा दिसतो, तो नवी विनंती जुनीच समजतो आणि जुनं उत्तर परत देतो. नोडला वाटतं सगळं ठीक आहे, कारण पोच मिळाली. सर्व्हरच्या नोंदीत मात्र रीडिंग नसतं. रीबूटनंतरची पहिली काही रीडिंगं नेमकी गायब असतील, तर आधी इथेच पाहावं. उपाय एका ओळीचा आहे: सुरुवातीचा आयडी यादृच्छिक घ्या.

तिसरा बिघाड सावकाश जाळ्यांत होतो. मोबाइल कंपन्यांच्या नॅरोबँड जाळ्यात कव्हरेज कमजोर असलं की पोच यायला कित्येक सेकंद लागू शकतात. पहिली वाट दोन-तीन सेकंदांचीच ठेवली, तर पोच वाटेत असतानाच नोड तोच संदेश पुन्हा पाठवतो. काहीच हरवलेलं नसताना रेडिओ दुप्पट चालतो आणि सेल अपेक्षेच्या निम्म्या काळात संपतात. हे ओळखायचं तर गेटवेवर वायरशार्क लावून `coap` हा फिल्टर टाका आणि एकाच मेसेज आयडीचे संदेश शोधा. दोन प्रती येतात आणि दोन्हींना पोच जाते असं सतत दिसलं, तर दोष लिंकचा नाही, वाट पाहण्याच्या वेळेचा आहे. ती वेळ वाढवण्याची मुभा मानकातच आहे.

चौथी अडचण मात्र यूडीपीच्या स्वभावातच आहे, ती कोॲपने सुटत नाही. नोड आणि सर्व्हर यांच्यामध्ये पत्ते बदलणारा राउटर म्हणजे नॅट असतो. तो टीसीपी जोडणीची नोंद दोन तासांहून जास्त ठेवतो अशी अपेक्षा आहे. यूडीपीसाठी मानकाची अपेक्षा निदान दोन मिनिटांची, आणि प्रत्यक्षात पुष्कळ राउटर त्याआधीच विसरतात. खूण अशी: नोडची रीडिंगं नियमित येतात, पण त्याला पाठवलेल्या आज्ञा पोचत नाहीत, रीडिंग आल्याबरोबर पाठवल्या तर मात्र पोचतात. नोंद जिवंत ठेवण्यासाठी दर दोन मिनिटांनी काहीतरी पाठवायचं म्हटलं तर दिवसाला ७२० पॅकेटं होतात. पंधरा मिनिटांनी बोलणाऱ्या नोडला रोजची रीडिंगं असतात ९६. म्हणजे राउटरला जागं ठेवण्याचा खर्च मूळ कामाच्या साडेसातपट. लाइटवेट एमटूएम या उपकरण-व्यवस्थापनाच्या मानकाने यावर साधा मार्ग काढला: आज्ञा सर्व्हरपाशी रांगेत ठेवायच्या आणि नोड बोलला की लगेच द्यायच्या. ज्या व्हाल्व्हला पाच सेकंदांत बंद व्हायलाच हवं, त्याला हा मार्ग उपयोगाचा नाही.

सुरक्षेचं ओझं

दहा बाइटांची विनंती सुरक्षित करायची तर हिशेब बदलतो. यूडीपीवरचं नेहमीचं कुलूप म्हणजे डीटीएलएस. आवृत्ती १.२ मध्ये त्याचं हेडर १३ बाइटांचं, त्याशिवाय ८ बाइट नॉन्सचे आणि ८ खातरजमेचे, एकूण २९. मजकुरापेक्षा कुलूप मोठं. वर काढलेल्या ३३ बाइटांतून हे वजा करा, उरतात चार. हेडर दाबल्याशिवाय हे चालूच शकत नाही. आणि बोलणी सुरू होण्याआधीची डीटीएलएसची ओळख-परेड वेगळी. टीसीपीची तीन पॅकेटं वाचवून इथे त्याहून जास्त खर्च होतात. ती रोज करायची की महिन्यातून एकदा, यावर सगळं अवलंबून. राउटरने पोर्ट बदलला की पूर्वी ही ओळख पुन्हा करावी लागे. २०२२ च्या आरएफसी ९१४६ ने जोडणीला स्वतःचा क्रमांक देऊन ते टाळलं.

२०१९ मध्ये आलेला ऑस्कोर वेगळ्या जागी कुलूप लावतो, थेट कोॲपच्या संदेशालाच. त्यामुळे मधला प्रॉक्सी संदेश पुढे देऊ शकतो पण वाचू शकत नाही. त्याची एक अट मात्र नोड बांधणाऱ्याने विसरू नये: पाठवण्याचा क्रमांक रीबूटनंतरही पुढेच गेला पाहिजे. तो मागे गेला तर तोच नॉन्स दुसऱ्यांदा वापरला जातो आणि एन्क्रिप्शन कोसळतं. दर संदेशाला फ्लॅशमध्ये लिहिलं तर फ्लॅश झिजते. म्हणून क्रमांक ठरावीक टप्प्यांनी लिहून ठेवायचा आणि रीबूट झालं की एक पूर्ण टप्पा सोडून पुढून सुरुवात करायची.

कुलूप न लावलेला कोॲप नोड इंटरनेटवर उघडा ठेवणं तर अजिबात करू नये. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. दहा बाइटांच्या प्रश्नाला हजार बाइटांचं उत्तर देणारा नोड म्हणजे तिसऱ्याच कुणावर मारा करण्याचं आयतं साधन. टीसीपीत सुरुवातीच्या तीन पॅकेटांतच पत्त्याची खातरी होते. ती हमीही आपण सोडली, हे लक्षात ठेवावं लागतं. ती परत मिळवण्यासाठी आरएफसी ९१७५ मध्ये इको नावाचा पर्याय आणला. नोड आधी एक छोटी खूण पाठवतो, आणि विचारणाऱ्याने ती परत दिली तरच मोठं उत्तर देतो.

टीसीपीची बाजू

२०२० मध्ये बर्कली विद्यापीठातल्या सॅम कुमार आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या समजुतीला आव्हान दिलं. फ्रीबीएसडीमधला पूर्ण टीसीपी त्यांनी तेव्हाच्या कमी विजेच्या नोडवर, ८०२.१५.४ रेडिओवर चालवला. त्यांना मिळालेला वेग सैद्धांतिक कमाल मर्यादेच्या २५ टक्क्यांच्या आत होता, आधीच्या टीसीपी प्रयोगांच्या पाच ते चाळीस पट. एका प्रत्यक्ष वापरात विजेचा खर्चही कोॲपच्या बरोबरीचा आला. यूआयपीसारख्या एकेका तुकड्यावर चालणाऱ्या अंमलबजावण्या पाहून टीसीपीबद्दल मत बनवणं चुकीचं होतं, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यांच्या नोडला ३२ केबी रॅम होती, आणि रेडिओचा लिंक स्तर टीसीपीला जुळेल असा त्यांनी बारकाईने बदलला होता. टीसीपी चालतो, पण विचार न करता टाकला तर चालत नाही.

त्याचं बळ कुठे दिसतं, तर मोठ्या मजकुरात. १०० केबीचं फर्मवेअर कोॲपने ६४ बाइटांच्या ठोकळ्यांत पाठवायचं तर १६०० फेऱ्या लागतात, आणि मूळ पद्धतीत एका फेरीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही. फेरीला ०.२ सेकंद लागले तर साडेपाच मिनिटांच्या आत काम होतं. फेरीला पाच सेकंद लागणाऱ्या जाळ्यात तेच काम सव्वादोन तासांवर जातं, आणि तेवढा वेळ रेडिओ जागा. टीसीपी अनेक तुकडे एकदम हवेत ठेवतो, म्हणून तिथे तो सरळ जिंकतो.

तेव्हा नवा प्रकल्प हाती घेणाऱ्याला माझं सांगणं असं: रॅम किती आहे हे पाहून प्रोटोकॉल निवडू नका. नोड दिवसातून किती वेळा बोलणार, दरवेळी किती बाइट, आणि त्याच्याशी बोलायची गरज सर्व्हरला झोपेच्या वेळीही पडणार का, हे तीन आकडे आधी कागदावर मांडा. थोडं, क्वचित आणि नोडनेच सुरुवात करायची असेल तर यूडीपीवर कोॲप घ्या. सर्व्हरला केव्हाही हाक मारता यायला हवी आणि मध्ये नॅट असेल, तर उघडी टीसीपी जोडणी महाग पडली तरी तीच कामाची. २०१८ च्या आरएफसी ८३२३ मुळे तिच्यावरही कोॲपच चालतो, त्यामुळे ॲप्लिकेशन नव्याने लिहावं लागत नाही. आणि फर्मवेअर बदलण्याची वाट पहिल्याच दिवशी ठरवा. शेतात लावलेले नोड बदलायला माणूस पाठवणं हे कुठल्याही प्रोटोकॉलपेक्षा महाग पडतं.